‘टाइमआउट’ला मराठीत काय म्हणायचं? रात्रीच्या मेसेजमुळे होणारी डबल बिलं कशी थांबली

कोल्हापुरातल्या एका किराणा होलसेलरचं बिलिंग मी सांभाळतो. सेल्समन दिवसभर खेड्यापाड्यांतून ऑर्डर आणतात, संध्याकाळी बिलं तयार होतात आणि रात्री अकराला माझा प्रोग्राम ती एकेक करून जीएसटीच्या ई-इनव्हॉइस पोर्टलवर चढवतो. पोर्टलकडून आयआरएन, म्हणजे त्या बिलाचा नोंदणी नंबर, आला की बिल छापायला मोकळं. सकाळी दहाला टेम्पो निघतात, तोवर प्रत्येक बिलावर क्यूआर कोड असायलाच हवा. रात्रीचं काम आटोपलं की प्रोग्राम तिघांना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकतो: शेठ, दिवाणजी आणि बिलिंगला बसणाऱ्या ताई. किती बिलं झाली, किती राहिली, एवढंच त्यात असतं.

तक्रार अशी होती की दर आठवड्याला एकदोन गिऱ्हाइकांच्या नावावर एकाच मालाची दोन बिलं पडत होती. माल एकदाच गेलेला, टेम्पोवाल्याकडे बिल एकच, पण पोर्टलवर दोन. गिऱ्हाइकाला ते कळायचं पंधरा-वीस दिवसांनी, त्याच्या सीएने खरेदीचा ताळा लावला की. मग फोन: “साखरेचे वीस कट्टे घेतले, तुम्ही चाळीस कसे लावले?”

मी आधी प्रोग्राम तपासला. एकच बिल तो दोनदा चढवतो का? नव्हता चढवत. दोन्ही बिलांचे नंबर वेगळे होते, आणि दुसरं बिल दर वेळी सकाळी नऊ ते साडेनऊच्या दरम्यान माणसाने हाताने केलेलं होतं. म्हणजे डबल बिल ताई करत होत्या. का करत होत्या, ते माझा मेसेज त्यांच्या शेजारी बसून वाचला तेव्हा समजलं.

मेसेज काय म्हणत होता

सुरुवातीला प्रोग्राम नुसती लॉगची ओळ पाठवायचा:

```
run ok total=212 done=195 queued=9 timeout=5 failed=3 retry=14
```

ती कुणाला कळेना म्हणून मी एका दुपारी बसून ‘मराठी’ केली. शब्दकोश उघडला, शब्दाला शब्द लावला:

```
एकूण 212, यशस्वी 195, प्रतीक्षेत 9, वेळ संपली 5,
अयशस्वी 3, पुनर्प्रयत्न 14
```

मला वाटलं, झालं काम. डबल बिलं खरी वाढली ती यानंतर. इंग्रजी ओळ असताना ताई निदान मला फोन करून विचारायच्या. मराठी ओळ वाचून त्यांना अर्थ लागायला लागला, आणि तो चुकीचा लागायला लागला.

वरच्याच रात्रीचं उदाहरण घेऊ. सकाळी नऊला ताईंनी मेसेज उघडला. “अयशस्वी ३” म्हणजे तीन बिलं फेल. “वेळ संपली ५” म्हणजे पोर्टलवर चढवायची मुदत संपली, ही पाच आता जुन्या नंबरवर जाणार नाहीत. टेम्पो दहाला निघणार. त्यांनी आठही बिलं कॉपी केली, नवीन नंबर पडले, पाठवली, आयआरएन आले, छापली. त्यांच्या बाजूने पाहिलं तर काम चोख होतं.

पोर्टलवरची खरी परिस्थिती मात्र अशी होती. ती तीन ‘अयशस्वी’ बिलं रात्रीच चढलेली होती. ‘वेळ संपली’वाल्या पाचांपैकी चार चढलेली होती, एकच राहिलं होतं. म्हणजे आठ नव्या बिलांपैकी सात डबल. हा सगळ्यात वाईट दिवस होता, एरवी एकदोनावर भागायचं. सुदैवाने त्या दिवशी मी दुकानातच होतो, त्यामुळे सातही चोवीस तासांच्या आत रद्द करता आली. चोवीस तास उलटले की पोर्टल आयआरएन रद्द करू देत नाही, मग क्रेडिट नोट काढावी लागते. शिवाय रद्द केलेल्या बिलाचा नंबर पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे आधी नीट पाहून डबल असेल तेच रद्द करावं लागतं. घाईत पहिलं, खरं बिल रद्द करून बसलात तर छापलेला कागद टेम्पोत आणि नंबर कायमचा गेलेला.

टाइमआउट म्हणजे ‘वेळ संपली’ नव्हे

मूळ दुखणं या एका शब्दात आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

टाइमआउट होतो तेव्हा नेमकं काय घडतं? प्रोग्राम बिल पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. मी तीस सेकंदांची मर्यादा घातली आहे. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रोग्राम वाट बघणं सोडून देतो. दुकानाचं नेट रात्री अधूनमधून मिनिटभर जातं आणि येतं. बिल निघून गेलं, पोर्टलने ते नोंदवलं, आयआरएन दिला, आणि तो आयआरएन परत येताना इकडचं नेट गेलेलं. माझ्या प्रोग्रामच्या लेखी टाइमआउट, पोर्टलच्या लेखी काम पूर्ण.

पोस्टाने पोचपावती मागून पत्र पाठवलं आणि ती आली नाही, तर आपण ‘पत्र पोचलं नाही’ असं म्हणत नाही. ‘पोचपावती आली नाही’ म्हणतो, आणि पोस्टात जाऊन चौकशी करतो. दिवाणजींना मी हेच सांगितलं तर ते म्हणाले, “मग असंच लिहा की. वेळ कुणाची संपली, कशाला संपली, आम्हाला काय कळायचं?”

बरोबर होतं त्यांचं. ‘वेळ संपली’ हे मराठीत मुदतीबद्दल बोललं जातं. फॉर्म भरायची वेळ संपली, बँकेची वेळ संपली. ते ऐकलं की माणूस जुना मार्ग बंद झाला असं धरतो आणि नवा शोधतो. ‘कालबाह्य’ तर त्याहून वाईट. तो शब्द मी एका दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिला होता म्हणून घालायच्या विचारात होतो. किराणा दुकानात कालबाह्य म्हणजे तारीख उलटलेला माल. पाच बिलं कालबाह्य झाली म्हटल्यावर ती फाडून टाकण्यावाचून काय करणार?

आता मेसेजमध्ये असं वाक्य येतं: “५ बिलं पाठवली, पण पोर्टलचं उत्तर आलं नाही.” यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. पाठवली, हे नक्की. पुढे काय झालं, ते माहीत नाही. ‘फेल’ म्हटलं की माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी सांगितली जाते.

पण हे वाक्य लिहायचं तर प्रोग्रामलाही तेवढा फरक कळायला हवा. टाइमआउट दोन जातींचे असतात. एकात पोर्टलशी जोडणीच झाली नाही, म्हणजे बिल इथून हललंच नाही. दुसऱ्यात जोडणी झाली, बिल निघालं, उत्तर आलं नाही. माझ्या जुन्या प्रोग्रामात दोन्ही एकाच पिशवीत होते. पायथॉनमध्ये ते वेगळे करणं चार ओळींचं काम आहे:

```python
try:
    r = requests.post(url, json=bill, timeout=(5, 30))
except requests.exceptions.ConnectTimeout:
    state = "NOT_SENT"
except (requests.exceptions.ReadTimeout,
        requests.exceptions.ConnectionError):
    state = "NO_REPLY"
```

पाच सेकंद जोडणीसाठी, तीस उत्तरासाठी. `ConnectTimeout` वर ठेवायचा, कारण तो `ConnectionError`चाच एक प्रकार आहे, खाली ठेवलात तर त्याची पाळीच येणार नाही. `ConnectionError`मध्ये न पाठवलेली काही बिलंही येतात, तरी मी तो मुद्दाम ‘उत्तर नाही’कडे टाकला आहे. शंका असेल तर विचारून घ्यावं, त्यात नुकसान होत नाही. जी `NOT_SENT` झाली ती सरळ ‘अजून पाठवायची आहेत’ या ओळीत जातात. दुकानदाराच्या दृष्टीने ती आणि पाळी न आलेली बिलं यांत काही फरक नाही.

ती तीन ‘अयशस्वी’ बिलं

यात चूक माझी एकट्याची. उत्तर आलं नाही की प्रोग्राम तेच बिल त्याच नंबराने पुन्हा पाठवतो. पहिल्या खेपेला ते चढलेलं असेल तर दुसऱ्या खेपेला पोर्टल `2150` हा कोड देतं: या बिलाचा आयआरएन आधीच आहे. माझ्या प्रोग्रामात आयआरएन सोडून दुसरं काहीही आलं की ‘फेल’ असा एकच नियम होता. म्हणजे पोर्टल सांगत होतं “झालंय की हो आधीच”, आणि मी ताईंना सांगत होतो “अयशस्वी”.

आयआरएन हा चौसष्ट अक्षरांचा असतो आणि तो विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर यांवरून तयार होतो. त्यामुळे तोच नंबर दहा वेळा पाठवला तरी दुसरा आयआरएन निघत नाही, पोर्टलच अडवतं. पण नंबर बदलला की पोर्टलच्या दृष्टीने ते वेगळं बिल. आत तेच साखरेचे वीस कट्टे आहेत हे त्याला कळायचं कारण नाही. थोडक्यात, तेच बिल पुन्हा पाठवण्यात धोका नव्हता, नवीन बिल करण्यात होता. आणि माझा मेसेज लोकांना नेमका धोक्याच्या वाटेने पाठवत होता.

आता `2150` आला की त्या उत्तरासोबत आलेला जुना आयआरएन उचलून बिल ‘झालं’मध्ये टाकतो. ‘अयशस्वी’ हा शब्द मेसेजमधून काढूनच टाकला. त्याच्या जागी ‘पोर्टलने नाकारलं’ असं येतं, आणि ते फक्त पोर्टलने स्पष्ट नकार दिला तरच: गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर रद्द झालेला, पिन कोड राज्याशी जुळत नाही, असलं काही. नाकारलेल्या बिलाला माणसाचा हात लागल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. उत्तर न आलेल्या बिलाला हात लावला तर बिघडतं. एकाला काहीतरी करायलाच हवं, दुसऱ्याला काहीही करू नये, आणि मी दोघांना शेजारी बसवून जवळजवळ एकच नाव दिलं होतं.

रीट्राय: एका मात्रेचा खेळ

“पुनर्प्रयत्न १४” या आकड्याने दोन प्रकारे घोळ घातला.

पहिला घोळ बेरजेचा. दिवाणजींच्या हाती आकड्यांची ओळ दिली की ते बेरीज करणार, तुम्ही काही सांगा. १९५ अधिक ९ अधिक ५ अधिक ३ अधिक १४. आले २२६. एकूण लिहिलंय २१२. “ही चौदा बिलं जास्तीची कुठून आली?” मी समजावत बसलो की ती वेगळी नाहीत. चौदांपैकी सहा दुसऱ्या खेपेला झाली, ती १९५ मध्येच आहेत. तीन ‘अयशस्वी’त आणि पाच ‘वेळ संपली’त मोजली आहेत. ते ऐकून घेतलं, मग म्हणाले, “टोटल लागत नसेल तर तो कागद मी खरा कसा मानू?” रीट्राय ही बिलाची स्थिती नव्हे, वाटेत काय घडलं त्याची हकिगत आहे. ती लॉगमध्ये असू दे, मला लागते. दुकानाच्या मेसेजमध्ये तिचं काम नाही. ज्या ओळींची बेरीज एकूणाइतकी होते तेवढ्याच ओळी ठेवायच्या.

दुसरा घोळ भाषेचा. नुसतं नाम लिहिलं, क्रियापद नाही, तर काम कुणाचं ते कळत नाही. ‘पुनर्प्रयत्न १४’ हे ताईंनी ‘चौदांचा पुनर्प्रयत्न करा’ असं वाचलं होतं. सरकारी फॉर्मवर ‘सही’ लिहिलेलं असतं तिथे आपण सही करतोच ना, तसं. मग मी ‘पुन्हा पाठवणे’ केलं, तेही तसंच निघालं. मराठीत ही अडचण खरं तर शेवटच्या अक्षरात सुटते. *पाठवलं* म्हणजे झालं, विसरा. *पाठवू* म्हणजे आमचा प्रोग्राम पाठवेल, तुम्ही थांबा. *पाठवा* म्हणजे तुमचं काम. तीनही वेळा धातू एकच, पण वाचणाऱ्याची सकाळ पार बदलते. तेव्हापासून माझा नियम असा: मेसेजमधली प्रत्येक ओळ क्रियापदाने संपली पाहिजे, आणि ‘करणे’, ‘पाठवणे’ असली णेकारान्त रूपं एकही नको.

फारच गरज पडली तर मी ‘दोनदा पाठवून पाहिलं’ असं लिहितो. ‘पाहिलं’मध्ये प्रयत्न येतो, ‘पुनर्प्रयत्न’ लिहावा लागत नाही. एकदा “प्रयत्न 3/3” असंही पाठवलं होतं. शेठनी ते तीन मार्च वाचलं.

रांग, बाकी, पेंडिंग

क्यूसाठी शब्द निवडताना सगळ्यात जास्त फसलो, आणि वाटलं होतं हाच सोपा आहे. रांग! रेशनच्या दुकानापासून सगळ्यांना ठाऊक असलेला शब्द.

पण त्याआधी ‘प्रतीक्षेत ९’ची गोष्ट. ‘प्रतीक्षेत’ हा रेल्वेचा शब्द. वेटिंगचं तिकीट कन्फर्म होईल याची खात्री नसते, तशी या बिलांचीही नाही असं ताईंना वाटायचं. त्या ही बिलं कॉपी करत नसत, पण मला नऊ वाजता फोन ठरलेला: “दादा, ती नऊ होतील ना?”

म्हणून ‘प्रतीक्षेत’ काढून ‘बाकी’ घातला. छान, छोटा, रोजचा शब्द. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा फोन: “हे नऊ जण कोण? नावं सांग, आजच वसुलीला माणूस धाडतो.” दुकानात ‘बिल बाकी’ म्हणजे पैसे यायचे आहेत. चाळीस वर्षं तो शब्द त्यांनी त्याच अर्थाने वापरला आहे, माझ्या एका मेसेजने तो बदलणार नाही. ‘पेंडिंग’चंही तेच. ऑफिसात पेंडिंग म्हणजे काम राहिलंय, दुकानात पेंडिंग म्हणजे पेमेंट राहिलंय. ‘प्रलंबित’ लिहून पाहिलं तर दिवाणजींना कोर्टातली केस आठवली.

मग ‘रांगेत’ घातला. अर्थ बरोबर लागला, पण रांग म्हटली की माणूस विचारतो, माझा नंबर कितवा? कुठल्या गिऱ्हाइकाचं बिल आधी जाणार? सांगलीवाल्याचं पुढे घ्या, त्याचा टेम्पो आधी निघतो. माझ्या प्रोग्रामात असं पुढे-मागे करता येत नाही, आणि नऊच्या नऊ बिलं दहा मिनिटांत जाणार असतात. जिथे खरोखर नंबर दिसतो आणि त्याचा उपयोग असतो, दवाखान्यात, बँकेत, तिथे ‘रांगेत’ उत्तम. इथे तो नको त्या प्रश्नाला जन्म देत होता. लोकांना रांग जाणून घ्यायची नव्हती. बिल कधी जाईल, एवढंच हवं होतं.

शेवटी राहिलं ते साधं वाक्य: “९ बिलं अजून पाठवायची आहेत. सकाळी ८:३० ला आपोआप जातील.” शब्द शोधत बसलो होतो, आणि शब्दाची गरजच नव्हती, वाक्याची होती. यातला ‘आपोआप’ मात्र काढू नका. तो काढून पाहिला त्या दिवशी ताई साडेआठला कामावर हजर. त्यांची वेळ नऊची.

‘गेली’ या शब्दालाही जपा. ‘१९८ बिलं गेली’ असं मी लिहिलं होतं. बोलताना कुणी अडखळत नाही, पण सकाळी डोळे चोळत वाचलं की ‘गेली’ म्हणजे हरवली. ‘झाली’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

आता मेसेज असा जातो

त्याच रात्रीचे आकडे नव्या पद्धतीने मांडले तर हे दिसतं. `2150` वाली तीन ‘झाली’मध्ये आली, म्हणून १९५ चे १९८ झाले:

```
काल रात्रीची बिलं: एकूण 212
198 झाली. आयआरएन आला.
9 अजून पाठवायची आहेत. सकाळी 8:30 ला आपोआप जातील.
5 पाठवली, पण पोर्टलचं उत्तर आलं नाही. 8:30 ला तपासू.
तुम्हाला काही करायचं नाही. नवीन बिल करू नका.
9 वाजता पुन्हा मेसेज येईल.
```

१९८, ९ आणि ५, मिळून २१२. दिवाणजी बेरीज करतात आणि गप्प बसतात.

‘तपासू’ लिहिलं म्हणजे खरंच तपासायला हवं. बिलाचा प्रकार, नंबर आणि तारीख देऊन त्याचा आयआरएन आहे का हे पोर्टलला विचारता येतं. साडेआठला प्रोग्राम त्या पाचांची चौकशी करतो. चार सापडली, त्यांचे आयआरएन उचलले. एक नव्हतं, ते त्याच नंबराने पाठवलं. मग राहिलेली नऊ. नऊच्या मेसेजला एकच ओळ: “२१२ पैकी २१२ झाली. टेम्पो सोडा.” शेठना खरं तर एवढंच हवं होतं. आता त्यांना रात्रीचा लांब मेसेज जातच नाही, फक्त नऊची ओळ जाते. नाकारलेली बिलं असतील तर ताईंना वेगळा मेसेज जातो, प्रत्येक बिलाला एक ओळ: नंबर, गिऱ्हाईक, कारण, आणि शेवटी ‘दुरुस्त करून पाठवा’. तिथे ‘पाठवा’ बरोबर आहे, कारण ते काम त्यांचंच.

शून्य असेल तेव्हा ती ओळ गाळतो. ‘0 बिलांचं उत्तर आलं नाही’ हे घाईत वाचलं तर कुणाचंच उत्तर आलं नाही असं वाटतं. आणि एकच बिल असेल तर ‘1 पाठवलं’, अनेक असतील तर ‘5 पाठवली’, हे प्रोग्रामला शिकवायला लागतं. आळस करून ‘1 पाठवली’ सोडून दिलं तर अर्थ कळतो, पण वाचणारा ओळखतो की हे यंत्राने लिहिलंय, आणि मग बाकीचंही मन लावून वाचत नाही.

मेसेजमध्ये मी इंग्रजी अंक ठेवले आहेत. देवनागरी अंक दिसायला बरे, पण ताई मेसेजमधला बिल नंबर कॉपी करून बिलिंगच्या सर्चमध्ये टाकतात आणि तिथे १ आणि 1 ही दोन वेगळी अक्षरं आहेत. बिल सापडत नाही, आणि न सापडलेलं बिल म्हणजे पुन्हा नवीन बिल.

बिल, पोर्टल, नेट, आयआरएन, मेसेज हे शब्द मी बदललेले नाहीत. ‘देयक’ लिहिलं असतं तर दिवाणजींनी ते सरकारी पत्र समजून बाजूला ठेवलं असतं.

नवा शब्द कसा तपासायचा

“कळलं का?” हा प्रश्न विचारू नका. मी दर वेळी विचारायचो आणि दर वेळी “हो, कळलं” असंच उत्तर यायचं, ‘वेळ संपली’च्या वेळीसुद्धा. आता मेसेजची प्रिंट काढून समोर ठेवतो आणि विचारतो, “हे वाचून आता तुम्ही काय कराल?”

‘उत्तर आलं नाही’चा पहिला मसुदा असा दाखवला होता. त्यात ‘नवीन बिल करू नका’ ही ओळ नव्हती, मला ती जरा उद्धट वाटत होती. ताईंनी वाचलं, क्षणभर थांबल्या.

“उत्तर आलं नाही ना, मग मी पोर्टलला लॉग इन करून बघीन.”

“आणि तिथे लगेच दिसलं नाही तर?”

“मग नवीन करीन. टेम्पो थांबत नाही, दादा.”

त्याच दुपारी ती ओळ घातली. कुणालाही उद्धट वाटली नाही.

जिथे हे पुरत नाही

साडेआठला नेटच नसेल तर तपासणीही होत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपही पोचत नाही. म्हणून प्रोग्राम माझ्या सर्व्हरला दर पाच मिनिटांनी हजेरी देतो आणि ती चुकली की तिकडून एसएमएस निघतो:

```
9 बिलं अजून पाठवायची आहेत. टेम्पो थांबवा. नवीन बिल करू नका.
```

देवनागरीतल्या एका एसएमएसमध्ये सत्तरच अक्षरं मावतात, आणि काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजले जातात. वरचा मजकूर एकोणसाठ भरतो. नऊ आणि पाच असे दोन आकडे त्यात बसत नाहीत, म्हणून हजेरी चुकली की सर्व्हर मोठी गटवारी सोडून फक्त न पाठवलेल्यांचा आकडा घेतो आणि ‘टेम्पो थांबवा’ म्हणतो. उत्तर न आलेली पाच त्यात दिसत नाहीत, पण टेम्पो थांबल्यावर ती कुणी हाताने करत नाही. एसएमएसचा मजकूर डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, आधी मंजूर करून घ्यावा लागतो, बदलत्या आकड्याच्या जागी ठरलेली खूण ठेवून. शब्द बदलला की मंजुरी पुन्हा. मी ‘बाकी’ हा शब्द मंजूर करून घेतला होता, शेठचा वसुलीचा फोन आला त्याच्या आदल्या दिवशी. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर महिनाभर शब्द वापरून बघा आणि मग डीएलटीकडे जा.